एआयच्या संशयावरून शून्य गुण: अपिलाची कार्यपद्धती कशी असावी? (सांगली)

कृष्णाकाठ

सांगलीतील एका स्वायत्त महाविद्यालयात मी वाणिज्य शाखेच्या पदव्युत्तर वर्गांना शिकवतो. प्रकल्प अहवाल एआयकडून लिहून घेतल्याच्या संशयावरून ज्यांना शून्य गुण मिळतात, त्यांच्यासाठी अपिलाची कार्यपद्धती तयार करण्याचे काम माझ्याकडे आले आहे. आजची पद्धत अशी की मार्गदर्शक अहवाल तपासणी साधनात टाकतो, टक्केवारी जास्त आली की शून्य देतो, आणि विद्यार्थ्याने तक्रार केली तर ती विभागप्रमुखांकडे जाते. विभागप्रमुख बहुधा त्याच मार्गदर्शकाला बोलावून विचारतात आणि निर्णय कायम होतो. हे अपील नव्हे, हे मला कळते. पण त्याच्या जागी काय आणावे, याबद्दल येथील जाणकारांचे मत हवे आहे.

माझ्या मसुद्यात दोन गोष्टी पक्क्या आहेत. विद्यार्थी प्रामाणिक आहे असे धरून सुरुवात करायची आणि उलट सिद्ध करण्याची जबाबदारी आरोप करणाऱ्यावर ठेवायची, ही पहिली. अपील ऐकणारे दोघे परीक्षक विभागाशी आणि मार्गदर्शकाशी संबंध नसलेले असावेत, ही दुसरी. अडचण अशी की ही दोन्ही वाक्ये कागदावर शोभतात, आणि प्रत्यक्षात त्यांचा अर्थ काय करायचा हे कोणीच लिहून ठेवत नाही.

एक प्रकरण हातात आहे. ओळख पटू नये म्हणून किरकोळ तपशील बदलले आहेत. जत तालुक्यातील, मराठी माध्यमातून शिकलेल्या विद्यार्थिनीने सांगली बाजार समितीतील हळदीच्या सौद्यांवर इंग्रजीत अहवाल सादर केला. अहवालाच्या दुसऱ्या प्रकरणावर, म्हणजे पूर्वसंशोधनाच्या आढाव्यावर, साधनाने ७८ टक्के दाखवले. मार्गदर्शकाने आणखी दोन कारणे जोडली: भाषा विद्यार्थिनीच्या आवाक्याबाहेरची आहे, आणि वर्ड फाइलमध्ये संपादनाचा एकूण वेळ केवळ १९ मिनिटे दिसतो. संपूर्ण प्रकल्पाला शून्य दिले गेले. मसुद्यातील पद्धत प्रायोगिक तत्त्वावर याच अपिलाला लावण्यास प्राचार्यांनी परवानगी दिली आहे.

प्राध्यापक_निवृत्त

यात नव्याने शोधण्यासारखे फारसे काही नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे वाङ्मयचौर्य प्रतिबंधाचे २०१८ चे विनियम आहेत, त्यात सर्व काही ठरवून दिलेले आहे. विभागीय पातळीवर एक समिती, संस्थेच्या पातळीवर दुसरी समिती, आणि दोन्हींचे अध्यक्ष वेगळे. संस्थेच्या समितीत एक सदस्य बाहेरचा असतो. १० टक्क्यांपर्यंत माफ, १० ते ४० पर्यंत सुधारून पुन्हा सादर करणे, ४० ते ६० ला एक वर्षाची बंदी आणि ६० च्या पुढे नोंदणी रद्द. आपल्या विद्यार्थिनीचे ७८ आहेत, म्हणजे शून्य गुण ही उलट सौम्य शिक्षा झाली. प्रत्येक नव्या यंत्रासाठी नवी समिती नेमत बसलो तर शिकवणार कधी?

वकील_विश्रामबाग

सरांनी समित्यांची रचना बरोबर सांगितली आहे, पण टक्केवारीच्या बाबतीत त्यांचे विधान मान्य करता येत नाही. विनियमांतील १०, ४० आणि ६० हे आकडे साम्याचे आहेत. साम्य म्हणजे हा परिच्छेद अमुक लेखातील अमुक परिच्छेदाशी जुळतो, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून दाखवता येते. विद्यार्थी ते पाहू शकतो, त्यावर उत्तर देऊ शकतो आणि परीक्षक डोळ्यांनी पडताळू शकतात. एआय तपासणीतील ७८ टक्के ही वेगळ्या जातीची संख्या आहे. तिच्यामागे दाखवण्यासारखा मूळ मजकूरच नसतो. ती साधनाने बांधलेली अटकळ असते, आणि ती कशावरून बांधली हे विद्यार्थ्याला सांगता येत नाही. ज्या पुराव्याला उत्तरच देता येत नाही त्याच्या आधारे शिक्षा करू नये, हा सुनावणीच्या तत्त्वाचा गाभा आहे. शिवाय हे विनियम २०१८ चे, त्या वेळी हा प्रश्न कोणापुढेही नव्हता. त्यामुळे त्यांतील शिक्षांची पायरी एआयच्या टक्केवारीला परस्पर चिकटवणे धोक्याचे आहे.

नियमांत सुनावणीचा उल्लेख नाही म्हणून सुनावणी दिली नाही, हे उत्तरही चालत नाही. उत्तर प्रदेशच्या शिक्षण मंडळाविरुद्धच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच सांगितले आहे की परीक्षेतील गैरप्रकाराचा निर्णय घेणारी समिती अर्धन्यायिक स्वरूपाचे काम करते, आणि नियम मौन असले तरी विद्यार्थ्यांचे म्हणणे ऐकणे तिच्यावर बंधनकारक आहे.

अपिलाची पायरी आखताना एवढेही लक्षात ठेवा की महाविद्यालयाचा निर्णय ही शेवटची पायरी नसते. आयोगाच्या २०२३ च्या तक्रार निवारण विनियमांनुसार विद्यार्थी तक्रार निवारण समिती आणि तिच्यावर लोकपाल, असा मार्ग विद्यार्थ्याला खुला आहे. लोकपाल सर्वसाधारणपणे फेरमूल्यांकनात पडत नाही, परंतु निकालावर परिणाम करणारी ठोस अनियमितता दिसली तर पडतो. तुमची कार्यपद्धती कच्ची असेल तर ती अनियमितता तुम्हीच त्याच्या हाती देत आहात.

अजिंक्यतारा

मी साताऱ्यात संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून ७८ या आकड्याबद्दलच बोलतो. तो वाचणाऱ्याला वाटते की लबाडीची शक्यता ७८ टक्के आहे. तसे मुळीच नाही. साधनाने निर्दोष मजकुराला किती वेळा दोषी ठरवले आणि आपल्याकडे दोषी किती असतील, या दोन गोष्टी माहीत असल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीही निष्कर्ष काढता येत नाही.

ओपनएआय या कंपनीने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचे ओळख-साधन काढले होते. कंपनीनेच प्रसिद्ध केलेल्या चाचणीनुसार ते एआयने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्के मजकूर ओळखत होते आणि माणसाने लिहिलेल्या मजकुरापैकी ९ टक्के मजकूर चुकून एआयचा ठरवत होते. समजा, तुमच्याकडे २०० अहवाल आले आणि त्यांपैकी २० जणांनी खरोखर लबाडी केली. त्या २० पैकी साधारण ५ सापडतील. उरलेल्या १८० प्रामाणिक मुलांपैकी १६ जण मात्र अडकतील. म्हणजे साधनाने बोट दाखवलेल्या २१ जणांपैकी तीन चतुर्थांश निर्दोष. अचूकता कमी असल्याचे कारण देऊन कंपनीने ते साधन जुलै २०२३ मध्ये बंद केले. आजची साधने यापेक्षा चांगली आहेत, हे मान्य आहे. चुकीचे बोट दाखवण्याचे प्रमाण १ टक्का आणि पकडण्याचे ८० टक्के धरले तर वरच्याच हिशेबात १६ खरे आणि २ खोटे येतात. पण ते दोन कोण, हे साधन सांगत नाही. आणि नेमक्या त्या दोघांसाठीच अपील असते.

दुसरी बाब जतच्या विद्यार्थिनीला थेट लागू पडते. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये इंग्रजी ही मातृभाषा नसलेल्या परीक्षार्थींचे ९१ निबंध त्या वेळच्या सात साधनांतून तपासले. सरासरी ६१ टक्के निबंध एआयचे ठरले, आणि अमेरिकेतील आठवीच्या मुलांचे निबंध मात्र जवळजवळ सगळे सुटले. कारण साधे आहे. पुढचा शब्द ओळखता येण्याजोगा असेल तर साधनाला यंत्राचा वास येतो, आणि परक्या भाषेत जपून लिहिणारा माणूस नेमके ओळखीचे शब्द आणि ठरलेल्या वाक्यरचनाच वापरतो.

आबा_तासगाव

माझा नातू बारावीला आहे. मागच्या परीक्षेत भरारी पथकाने शेजारच्या मुलाची चिठ्ठी सापडल्यावर यालाही उठवले आणि तासभर बसवून ठेवले. त्याचीही चूक नसताना त्याला कोणी विचारले नाही. तेव्हा अपील कोणाकडे करायचे ते सांगावे. आणि बोर्डाच्या परीक्षेतही हे एआय आले आहे काय?

वकील_विश्रामबाग

आबा, आपल्या नातवाचा विषय मंडळाच्या विभागीय कार्यालयाकडे जातो. त्यासाठी स्वतंत्र धागा काढलात तर मी तेथे अवश्य उत्तर देईन. येथे घरून लिहून आणलेल्या अहवालांची चर्चा आहे. फरक असा की परीक्षागृहात चिठ्ठी तरी हाती लागते, इथे हाती लागण्यासारखे बहुधा काहीच नसते.

अक्षरजुळणी

मी सांगलीत डीटीपी सेंटर चालवतो. १९ मिनिटांचा मुद्दा वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. प्रकल्पांच्या हंगामात आमच्याकडे रोज अहवाल येतात. कोणी वहीत लिहून आणतो, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांनी पाठवतो, कोणी मोबाइलवर भाषांतर करून मजकूर मेल करतो. आम्ही जुन्या फाइलमध्ये टाइप करतो, मग महाविद्यालयाच्या नमुन्याची कोरी फाइल उघडून सगळा मजकूर तिच्यात एकदम चिकटवतो, समास आणि अनुक्रमणिका नीट करतो आणि पीडीएफ देतो. त्या शेवटच्या फाइलमध्ये संपादनाचा वेळ पंधरा-वीस मिनिटेच दिसणार. लेखक म्हणून कित्येकदा आमच्या संगणकाचे नाव येते. माझ्या दुकानातून गेलेल्या प्रत्येक मुलाला या न्यायाने शून्य मिळायला हवे.

आणखी एक. मजकूर टप्प्याटप्प्याने कसा वाढत गेला हे दाखवणारा इतिहास ऑनलाइन लिहिणाऱ्यांकडे असतो. घरात लॅपटॉप असलेल्याला तो आपोआप मिळतो, वहीत लिहिणाऱ्याला मिळत नाही. इतिहास नाही म्हणून दोषी, असा नियम केलात तर त्याचा फटका कोणाला बसेल, हे सांगायला नको.

कृष्णाकाठ

अक्षरजुळणी, आपल्या प्रतिसादातील मुद्दा परीक्षकांनाही उपयोगी पडला. त्या अपिलाची सुनावणी आता झाली आहे, म्हणून ती कशी झाली ते क्रमाने लिहितो.

नोटिशीपासून सुरुवात केली. आधीच्या नोटिशीत ‘एआयचा गैरवापर आढळला’ एवढेच वाक्य होते. नव्या नोटिशीत कोणती पाने, कोणता नियम मोडल्याचा आरोप, आणि तो नियम विद्यार्थ्यांना कोणत्या परिपत्रकाने कळवला होता, हे लिहावे लागले. येथेच पहिली अडचण उघडी पडली. परिपत्रकात ‘एआयकडून मजकूर तयार करून घेऊ नये’ असे होते. भाषांतर यंत्राबद्दल आणि व्याकरण दुरुस्तीबद्दल एक अक्षरही नव्हते.

दोन परीक्षक साताऱ्याकडील महाविद्यालयांतून घेतले, दोघेही वेगळ्या शिक्षणसंस्थांचे. त्यांना आधी फक्त अहवाल आणि विद्यार्थिनीने जोडलेले साहित्य दिले. टक्केवारी आणि मार्गदर्शकाची तक्रार बंद लिफाफ्यात ठेवली. दोघांनी एकमेकांशी न बोलता आपले प्राथमिक मत लिहून दिले, त्यानंतरच लिफाफा उघडला, आणि मत बदलले असल्यास का बदलले हे वेगळ्या कागदावर नोंदवायला सांगितले. आकडा एकदा पाहिला की मजकुरातील प्रत्येक सफाईदार वाक्य संशयास्पद दिसू लागते, म्हणून हा खटाटोप.

विद्यार्थिनीने मराठीत लिहिलेली वही, शेतकरी आणि अडत्यांकडून भरून घेतलेल्या प्रश्नावल्या आणि डीटीपीची पावती आणली होती. तोंडी चर्चा मराठीत घेतली, कारण तपासायचे होते ते अहवालावरील तिचे स्वामित्व, तिचे इंग्रजी संभाषण नव्हे. व्याख्या विचारायच्या नाहीत, असे परीक्षकांना आधीच सांगितले होते. त्यांनी विचारले की काही प्रश्नावल्या हिशेबातून का वगळल्या, आणि राजापुरी हळदीचे भाव वेगळ्या तक्त्यात का घेतले. तिने वगळलेल्या प्रश्नावल्या काढून दाखवल्या. त्यांत माल कधी विकला याची नोंदच नव्हती. तिसरे आणि चौथे प्रकरण तिचेच आहे, याबद्दल दोघांनाही शंका उरली नाही.

दुसऱ्या प्रकरणाची गोष्ट गुंतागुंतीची निघाली. वहीतील मराठी आढाव्याशी इंग्रजी मजकूर परिच्छेदागणिक जुळत होता, म्हणजे भाषांतर यंत्राने झाले होते आणि तिने ते लगेच मान्य केले. मात्र संदर्भसूचीतील दोन लेख कोठेच सापडले नाहीत. अस्तित्वात नसलेले संदर्भ ही एआयची नेहमीची खूण मानली जाते, आणि एका परीक्षकाचे मत येथे डळमळले. तिला विचारले तेव्हा तिने सांगितले की ही यादी ग्रंथालयातील एका जुन्या अहवालातून घेतली. तो अहवाल मागवला. तेच दोन संदर्भ, त्याच चुकीच्या पृष्ठक्रमांकांसह, त्यात होते.

निर्णय असा झाला: एआयकडून मजकूर लिहून घेतल्याचा आरोप सिद्ध होत नाही, शून्य रद्द, आणि मूल्यांकन मार्गदर्शकाऐवजी दुसऱ्या परीक्षकाकडून. न वाचलेले संदर्भ देण्याचे काय करायचे, यावर मात्र दोघांत एकमत झाले नाही. एकाला त्याच वेळी गुण कापायचे होते.

वकील_विश्रामबाग

ते गुण अपिलात कापता येणार नाहीत. तिच्यावर आरोप एआयचा होता, तिने उत्तर एआयचे दिले. सुनावणीत दुसरी त्रुटी सापडली म्हणून तिची शिक्षा त्याच बैठकीत देणे म्हणजे नोटीस न देता शिक्षा करणे. नव्याने मूल्यांकन करणारा परीक्षक संदर्भसूचीचे गुण आपल्या अधिकारात कमी देऊ शकतो, कारण ते मूल्यांकन आहे. विभागाला तो गैरप्रकार वाटत असेल तर वेगळी नोटीस काढावी. त्याचबरोबर, अपील केल्यामुळे शिक्षा वाढणार नाही, हे कलम स्पष्ट शब्दांत घाला. ते नसेल तर अपील करायला कोणी धजावणार नाही.

खडू_आणि_फळा

माझे म्हणणे कडू वाटेल, तरीही मांडतो. मी मिरजेत शिकवतो आणि दरवर्षी माझ्याकडे मार्गदर्शनासाठी भरपूर मुले असतात. वर वर्णन केलेल्या सुनावणीत किती माणसांचा किती वेळ गेला असेल? आरोप सिद्ध करण्याची सगळी जबाबदारी शिक्षकावर, साधनाचा आकडा चालणार नाही, फाइलचा वेळ चालणार नाही, भाषेचा दर्जा चालणार नाही. मग शिक्षकाने करायचे काय? वर्षभर एकही वाक्य धड न लिहिणारा मुलगा अहवालात अस्खलित इंग्रजी लिहितो तेव्हा मला जे कळते, ते कोणत्याही यंत्राशिवाय कळते. प्रामाणिकपणा गृहीत धरायचा तर तो शिक्षकाचाही धरा. आपण अशी व्यवस्था उभी करत आहोत की शहाणा शिक्षक तक्रारच करणार नाही, आणि लबाड मुलगा वही आणि पावती तयार ठेवायला शिकेल.

वकील_विश्रामबाग

शिक्षकाचाही प्रामाणिकपणा धरायलाच हवा, आणि तो धरलेला आहे. तक्रार आकसाने केली असे कोणीही म्हणत नाही. परंतु शिक्षक प्रामाणिकपणे चुकू शकतो, आणि त्या चुकीची किंमत विद्यार्थी भरतो, म्हणून जबाबदारी एका बाजूला झुकलेली आहे.

पुराव्याच्या बाबतीत आपण म्हणता तितके सगळे बंद झालेले नाही. साधनाचा आकडा चौकशी सुरू करण्यास पुरेसा मानता येईल, शिक्षा देण्यास नाही. यंत्राचे उत्तर जसेच्या तसे, ‘नक्कीच, खाली आपला मजकूर देत आहे’ अशा वाक्यासह, अहवालात राहिले असेल तर तो सरळ पुरावा आहे. आकडेवारी कोठून आली हे विद्यार्थ्याला सांगता आले नाही आणि प्रश्नावल्याही नाहीत, हाही वजनदार पुरावा आहे. एआयलाच ‘हे तू लिहिलेस का’ असे विचारून मिळालेले उत्तर मात्र कवडीमोलाचे आहे. मे २०२३ मध्ये टेक्सासमधील एका विद्यापीठात एका अध्यापकाने नेमके हेच केले, यंत्राने हो म्हटले आणि पदवीच्या उंबरठ्यावर असलेल्या वर्गाचे निकाल अडकले.

सिद्धतेची पातळी फौजदारी खटल्याइतकी, म्हणजे संशयातीत, असावी असे मी म्हणत नाही. शक्यतेचे पारडे कोणत्या बाजूला जड आहे, हे पुरे. फक्त नोंदणी रद्द होण्यासारखी शिक्षा असेल तर त्या पारड्यात भक्कम पुरावा लागेल.

खडू_आणि_फळा

चौकशी सुरू करायला आकडा पुरेसा, हे मला मान्य आहे. पण ‘मला कळते’ याला आपण शून्य किंमत देत आहात, ते मान्य नाही.

अजिंक्यतारा

शून्य किंमत नको. फक्त तिचे रूपांतर पडताळता येईल अशा वाक्यात करा. ‘भाषा आवाक्याबाहेरची आहे’ असे न लिहिता ‘वर्गात हाताने लिहिलेल्या या उत्तरपत्रिकेतील परिच्छेद आणि अहवालातील हा परिच्छेद शेजारी ठेवावेत’ असे लिहिले, तर परीक्षकांना काहीतरी पाहता येईल आणि विद्यार्थ्यालाही उत्तर देता येईल. अर्थात परीक्षेच्या घाईत लिहिलेले आणि घरी चार महिने घोळवलेले लेखन सारखे नसते, हेही त्याच कागदावर लिहावे लागेल.

माझी खरी चिंता परीक्षकांच्या स्वातंत्र्याची आहे. सांगली, सातारा आणि कोल्हापूर या तीन जिल्ह्यांत एका विषयाचे जुने प्राध्यापक एकमेकांना ओळखतात. अभ्यासमंडळावर एकत्र बसतात, बहिःस्थ परीक्षक म्हणून एकमेकांच्या महाविद्यालयांत जातात, एकमेकांच्या पीएच.डी. विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा घेतात. आज मी तुमच्या मार्गदर्शकाचा निर्णय फिरवला, तर उद्या तो माझ्या महाविद्यालयात परीक्षक म्हणून येणारच. संस्था वेगळी असणे एवढ्याने परीक्षक स्वतंत्र होत नाही.

यावर मला दोन उपाय दिसतात. वर्षाच्या सुरुवातीलाच, कोणतेही प्रकरण नसताना, दहा-पंधरा नावांची यादी ठरवावी आणि प्रकरणागणिक त्यातून चिठ्ठीने दोन नावे काढावीत. प्राचार्यांनी निवड करू नये. दुसरे, दोनपैकी एकच परीक्षक त्या विषयाचा असावा. हळदीच्या सौद्यांचा अहवाल वाणिज्याचा एक आणि भूगोलाचा किंवा मराठीचा एक, अशा दोघांनी वाचला तर आपसांतील देणीघेणी बरीच कमी होतात. मार्गदर्शकाशी गेल्या काही वर्षांत सहलेखन, एकत्र प्रकल्प किंवा नाते असल्यास नाव आपोआप बाद व्हावे, आणि विद्यार्थ्याला एका नावावर कारण न देता हरकत घेता यावी.

प्राध्यापक_निवृत्त

चिठ्ठीची सूचना चांगली आहे. विषयाबाहेरचा परीक्षक मात्र मला पटत नाही. पूर्वसंशोधनाचा आढावा खरा की बनावट, हे विषय माहीत नसलेल्याला कसे कळणार? ते दोन संदर्भ बनावट आहेत हे शोधणारा परीक्षक वाणिज्याचाच असणार, असे मी खात्रीने सांगतो.

कृष्णाकाठ

सर, प्रत्यक्षात ते दुसऱ्या परीक्षकाने शोधले. ते ग्रंथालयशास्त्राचे आहेत.

एमकॉम_भाग२

मी विद्यार्थी आहे, दुसऱ्या महाविद्यालयातील. एक बाब कोणीच विचारात घेतली नाही, ती म्हणजे अपील चालू असताना निकालाचे काय होते. माझ्या एका मित्राचे प्रकरण महिनोन्‌महिने चालले. शेवटी तो निर्दोष ठरला, पण तोपर्यंत गुणपत्रिकेवर ‘निकाल राखीव’ होते आणि बँकेतील नोकरीसाठी कागदपत्रे पडताळण्याची तारीख निघून गेली. निर्दोष ठरल्याचे पत्र त्याला मिळाले, नोकरी मिळाली नाही. प्रामाणिक धरून चालायचे असेल तर ते निकाल लागेपर्यंतही धरले पाहिजे.

दुसरे, आम्हाला तोंडी चर्चेची भीती वाटते. बाहेरून आलेले दोन मोठे सर समोर बसले की स्वतः लिहिलेलेही आठवत नाही. घाबरलेला मुलगा आणि लबाड मुलगा दिसायला सारखेच असतात.

कृष्णाकाठ

दोन्ही मुद्दे मसुद्यात घेतले आहेत. निकालाबाबतचे कलम आता असे आहे: ‘अपील प्रलंबित असताना वादग्रस्त प्रकल्प वगळता इतर सर्व विषयांचे गुण जाहीर केले जातील, प्रकल्पाचे तात्पुरते मूल्यांकन दुसऱ्या परीक्षकाकडून करून घेऊन ते गुण ग्राह्य धरले जातील, आणि अपील फेटाळले गेल्यास सुधारित गुणपत्रिका दिली जाईल.’ परीक्षा नियंत्रकांचा याला विरोध आहे, कारण दिलेली गुणपत्रिका परत घेणे त्यांना अवघड वाटते. मुदत नोटिशीपासून निर्णयापर्यंत ३० दिवस ठेवली आहे. मुदत महाविद्यालयाच्या दिरंगाईमुळे उलटली, तर आरोप मागे घेतला असे समजले जाईल.

तोंडी चर्चेसाठी विद्यार्थ्याला आपला अहवाल, वही आणि टिपणे समोर ठेवता येतील, बरोबर एक व्यक्ती आणता येईल, आणि चर्चेपूर्वी कोणत्या पानांवर प्रश्न येणार हे दोन दिवस आधी कळवले जाईल. उत्तर न देता आल्यास त्याची नोंद होईल. मात्र केवळ तेवढ्यावरून आरोप सिद्ध मानला जाणार नाही.

खडू_आणि_फळा

पाने आधी कळवली तर ती पाने पाठ करून येतील.

अजिंक्यतारा

येऊ देत. चार महिने केलेले काम दोन दिवसांत पाठ होत नाही. वगळलेल्या प्रश्नावल्यांसारखा प्रश्न कोणत्याही पानावर लिहिलेला नसतो, आणि त्याचे उत्तर काम केलेल्यालाच देता येते.

अक्षरजुळणी

मराठी अहवालांचे काय ठरवले? आमच्याकडे एक विद्यार्थी रडकुंडीला येऊन सांगत होता की त्याच्या सरांनी मराठी प्रकरण आधी भाषांतर यंत्रातून इंग्रजीत केले आणि ते इंग्रजी तपासणी साधनात टाकले. आकडा भरपूर आला म्हणे.

अजिंक्यतारा

येणारच. तपासले गेलेले इंग्रजी खरोखरच यंत्राने लिहिलेले होते. साधनाने त्या दिवशी अचूक उत्तर दिले, फक्त ते विद्यार्थ्याबद्दल नव्हते.

कृष्णाकाठ

भाषांतरित मजकुरावरील कोणताही आकडा चौकशी सुरू करण्यासाठीसुद्धा ग्राह्य नाही, असे कलम आज जोडले. दोन बाबी मात्र अद्याप अनिर्णित आहेत. विद्यार्थिनीप्रमाणे स्वतःचे मराठी लेखन यंत्राने इंग्रजीत नेणे पुढील वर्षापासून चालेल का, आणि चालणार असेल तर ते कोणत्या पानावर कसे जाहीर करायचे, यावर विद्वत परिषदेत मतभेद आहेत. बाहेरच्या परीक्षकांचे मानधन परीक्षा शुल्कातून द्यायचे की संस्थेने द्यायचे, हेही ठरलेले नाही. अपील करणाऱ्याकडून अनामत घ्यावी, अशी एक सूचना आली आहे.

एमकॉम_भाग२

अनामत किती?

कृष्णाकाठ

आकडा कोणी सांगितलेला नाही. माझा विरोध मी लेखी नोंदवला आहे; बैठक पुढच्या आठवड्यात आहे.

वकील_विश्रामबाग

अनामत घेणारच असतील, तर ती निर्णय काहीही लागला तरी परत मिळेल असे लिहून घ्या, आणि विद्यार्थ्याच्या विनंतीवरून माफ करण्याचा अधिकार प्राचार्यांकडे न ठेवता परीक्षकांकडे ठेवा. बैठकीपूर्वी मसुदा येथे टाकलात तर कलमांचे शब्द मी पाहून देतो.